वही एक, निवड एकीची

गेली काही वर्षं मी नव्या इंजिनिअर्सच्या मुलाखती घेते. त्याआधी समोरच्या खुर्चीत मी एकदाच बसले होते, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी. त्या दिवशी शेजारच्या खोलीत माझी मैत्रीण मुलाखत देत होती. आम्ही दोघींनी चार महिने एकत्र तयारी केली होती, एकाच वहीत टिपणं काढली होती. संध्याकाळी यादी लागली तेव्हा माझं नाव होतं आणि तिचं नव्हतं. त्यानंतरचे कित्येक महिने ती माझ्यासोबत ज्या पद्धतीने राहिली, त्याबद्दल हे प्रकरण आहे. तिला विचारून लिहिते आहे, आणि तिच्या इच्छेप्रमाणे नाव देत नाही.

लिहावंसं वाटण्याचं कारण सांगते. अशा वेळी "मैत्रीण पाठीशी उभी राहिली" एवढं म्हणून लोक मोकळे होतात. पण उभी राहिली म्हणजे तिने नेमकं काय केलं, कोणत्या दिवशी काय बोलली, काय करायला नकार दिला, हे कुणी सांगत नाही. शिवाय तिची निवड का झाली नाही हे शोधताना आम्हाला जे सापडलं, ते जोडीने तयारी करणाऱ्या कुणालाही माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तयारी कशी चालायची

सहाव्या सेमिस्टरची परीक्षा संपली आणि आम्ही सुरुवात केली. रोज संध्याकाळी तीन तास, वाचनालयात. पहिली ४५ मिनिटं घड्याळ लावून अ‍ॅप्टिट्यूड, मग तासभर एखादा विषय, मग कोडिंगचे दोन प्रश्न. पहिले दोन आठवडे दोघी सगळंच करत होतो. मग वेळ पुरेना, म्हणून वाटणी केली. ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क तिच्याकडे, डेटाबेस आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेड माझ्याकडे. ज्याचा विषय त्याने टिपणं काढायची, दुसरीने वाचायची.

कोडिंगची वाटणी कुणी ठरवून केली नाही, ती होत गेली. ती या कामात माझ्या खूप पुढे होती. प्रश्न वाचला की तिची पेन्सिल चालायला लागायची आणि मी अजून प्रश्नच समजून घेत असायचे. मग आमचा एक रिवाज पडला. ती लिहायची, आणि लिहून झालं की वही माझ्याकडे सरकवायची. मी ते कोड ओळीओळीने मोठ्याने वाचून तिला समजावून सांगायचं. कुठे अडले की ती बोट ठेवायची, "इथे का?" मला उत्तर आलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. जोवर माझ्या तोंडून सगळं नीट येत नाही तोवर ती पुढचा प्रश्न घ्यायची नाही. मला शिकवण्यासाठी तिने इतका वेळ दिला की कधीकधी तिचा दुसरा प्रश्न राहून जायचा.

या रिवाजाचा परिणाम काय झाला ते आम्हाला फार उशिरा कळलं. चार महिने रोज मी दुसऱ्याचं कोड मोठ्याने समजावत होते, आणि ती रोज शांतपणे लिहीत होती. कोड लिहिण्याचा सराव तिला मिळाला. विचार बोलून दाखवण्याचा सराव सगळा मला मिळाला.

निवडीचा दिवस

कंपनीची अट होती सगळीकडे ६० टक्के आणि जास्तीत जास्त एक चालू बॅकलॉग. माझा एक होता, गणित तीनचा. तिचा एकही नव्हता. ऑनलाइन परीक्षेत तिने कोडिंगचे दोन्ही प्रश्न पूर्ण सोडवले. माझा एक पूर्ण झाला आणि दुसऱ्याच्या निम्म्याच टेस्ट केस पास झाल्या. तरी दोघी शॉर्टलिस्ट झालो. या टप्प्यापर्यंत कोणत्याही मापाने ती माझ्या पुढे होती.

तांत्रिक मुलाखतीसाठी आमचे पॅनेल वेगळे होते, पण प्रश्नांचा साठा एकच असावा, कारण दोघींना एकच प्रश्न आला: संख्यांची एक यादी दिली आहे आणि एक लक्ष्य दिलं आहे, ज्यांची बेरीज लक्ष्याइतकी होते अशा दोन संख्यांच्या जागा शोधा. वहीत आम्ही तो सोडवला होता. तिने कागदावर जे लिहिलं ते साधारण असं होतं:

```python
def jodi(a, target):
    seen = {}
    for i, x in enumerate(a):
        if target - x in seen:
            return seen[target - x], i
        seen[x] = i
    return None
```

हे उत्तर बिनचूक आहे. यादीतून एकदाच जायचं, प्रत्येक संख्येचा जोडीदार आधी दिसून गेला आहे का ते पाहायचं, नसेल तर ही संख्या लक्षात ठेवायची. तिने हे चार-पाच मिनिटांत लिहिलं, पण एक शब्द न बोलता. मुलाखत घेणाऱ्यांनी विचारलं, "आधी तपासता आणि मग साठवता, हा क्रम का?" ती म्हणाली, "असंच करतात सर." त्यांनी विचारलं, यादी आधीच चढत्या क्रमाने लावलेली असती तर? ती विचार करत राहिली. तिला वाटतं मिनिटभर गप्प होती. मग त्यांनी विषय बदलला.

क्रमाचं कारण तिला माहीत नव्हतं का? तिनेच मला ते शिकवलं होतं. यादी `[3, 5]` आणि लक्ष्य `6` घेतलं, आणि आधी साठवून मग तपासलं, तर ३ ला स्वतःच जोडीदार म्हणून सापडतो आणि उत्तर येतं `(0, 0)`. एकच संख्या दोनदा वापरली जाते. वहीत मी चुकले होते तेव्हा तिने याच दोन आकड्यांवर मला तीनदा चालवून दाखवलं होतं.

माझ्या खोलीत मी हाच प्रश्न तिच्यापेक्षा हळू सोडवला. सुरुवातीलाच म्हणाले की सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक जोडी तपासायची, पण संख्या १०,००० असतील तर जोड्या जवळपास पाच कोटी होतील, म्हणून आधी दिसलेल्या संख्या लक्षात ठेवू. मग लिहिलं, आणि लिहिताना क्रम चुकवला. पण सवयीने `[3, 5]` वर मोठ्याने चालवून पाहिलं, चूक दिसली, खोडून दुरुस्त केली. तेव्हा मला वाटलं होतं की खोडाखोडीमुळे आपण गेलो.

आज मी ज्या बाजूला बसते तिथून हे दोन्ही प्रसंग वेगळे दिसतात. उमेदवार बाहेर गेला की आम्हाला एक फॉर्म भरावा लागतो: प्रश्न समजला का, मार्ग कसा शोधला, कोड, संवाद. प्रत्येकाला गुण, आणि खाली तीन-चार ओळींत कारण. माझ्यासारख्या उमेदवाराबद्दल त्या ओळी सहज भरतात, कारण काय विचार केला ते कानावर पडलेलं असतं. चूक स्वतः शोधून सुधारली तर ती जमेच्या बाजूला जाते. तिच्यासारख्या उमेदवाराबद्दल "उत्तर बरोबर" यापुढे लिहायला काही हाती नसतं. त्यात भर म्हणजे शंका येते की उत्तर पाठ असेल. बरोबर उत्तर पटकन आणि मुकाट्याने लिहिलं, आणि कारण विचारल्यावर "असंच करतात" म्हटलं, तर पाठांतर आणि खरी समज यांत फरक करायचा मार्गच आम्हाला उरत नाही. तिच्यावर अन्याय झाला असं मला त्या वेळी वाटलं होतं आणि थोडं अजूनही वाटतं. दुसऱ्या पॅनेलने कदाचित आणखी दोन प्रश्न विचारून तिला बोलतं केलं असतं. पॅनेल कोणतं मिळतं यात नशिबाचा भाग असतोच. पण ती का राहिली याचं कारण मला दिसतं.

पहिले दोन दिवस

यादी संध्याकाळी वाचून दाखवली गेली. माझं नाव आलं, टाळ्या झाल्या, आणि यादी संपली. ती माझ्या शेजारीच उभी होती. तिने माझा हात घट्ट धरला, "झालं गं तुझं" म्हणाली, आणि मग अगदी शांतपणे एक गोष्ट बोलली: "आज मला माझ्याबद्दल काही विचारू नकोस. परवा विचार."

त्या वाक्याची किंमत मला तेव्हा कळली नाही. तिने मला एक काम सांगितलं होतं आणि त्याला मुदतही दिली होती. मी मात्र त्याच रात्री तिला तीन मेसेज पाठवले. "तुझंही होईल", "तू माझ्यापेक्षा हुशार आहेस", "पॅनेलच वाईट होतं". तिने एकालाही उत्तर दिलं नाही. आता वाचून पाहते तेव्हा जाणवतं की ते तिन्ही मेसेज मी माझं मन हलकं करायला पाठवले होते. ज्या गोष्टीची खात्री मला देता येत नव्हती तिची खात्री देत होते, आणि त्यावर काहीतरी बोलण्याचं ओझं तिच्यावर टाकत होते.

दुसऱ्या दिवशी मी उलट्या टोकाला गेले. वाचनालयात गेलेच नाही. तिच्यासमोर आनंदी दिसायला नको म्हणून इतर मैत्रिणींच्या घोळक्यातूनही ती दिसली की निघून जायचे. निवड झालेल्यांच्या गटात मला घेतलं होतं, तिथे अभिनंदनाचे मेसेज येत होते, आणि मी फोन उपडा ठेवत होते.

तिसऱ्या दिवशी तीच माझ्या खोलीवर आली. हातात आमची वही होती. म्हणाली, "तू मला टाळतेयस. असं नको करूस. तुला आनंद झालाय तर होऊ दे, माझ्यासमोर हो. तू लपवत बसलीस तर मला माझं बघायचं आणि वर तुझंही सांभाळायचं, एवढं मला नाही जमणार." मी रडले. ती नाही रडली. मी रडणं थांबवल्यावर तिने वही उघडली.

निवड झालेल्यांचा एकत्र फोटो होता, त्याला ती आली नाही. तसं आदल्या दिवशीच सांगितलं, "फोटोला मी येणार नाही, राग मानू नकोस." मला तेव्हा जरा लागलं. आज वाटतं तिने किती बरं केलं. दुसऱ्याच्या पाठीशी उभं राहायचं म्हणजे त्याच्या प्रत्येक सोहळ्यात हसत उभं राहायचं असं तिने मानलं नाही. जे तिला झेपणार नव्हतं ते ती स्पष्ट सांगत होती, म्हणून जे ती करत होती त्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवू शकले.

मुलाखत पुन्हा मांडली

वहीत तिने स्वतःची पूर्ण मुलाखत लिहून काढली होती. यादी लागायच्या आधीच, मुलाखतीतून बाहेर आल्यावर तासाभरात, जिन्यात बसून. डावीकडे प्रश्न, मध्ये "मी काय म्हणाले", उजवीकडे "कुठे थांबले". तिने मलाही तसंच लिहायला लावलं. माझ्या मुलाखतीला दोन दिवस उलटले होते आणि निम्मे प्रश्न मला आठवत नव्हते. हा धडा लक्षात राहिला: दोन दिवसांनी आठवते ती आपण मनात रचलेली गोष्ट असते, त्यात आपले शब्द नसतात.

दोन्ही पानं शेजारी ठेवल्यावर फरक लगेच दिसला. माझं मधलं खण भरगच्च होतं. तिचं जवळपास रिकामं. "लिहिलं." "लिहिलं." "असंच करतात सर." "गप्प." उजव्या खणात मात्र तिला अडलेलं काही फारसं नव्हतं. म्हणजे अडली नव्हती, बोलली नव्हती.

ती बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "आपण रोज काय करायचो? मी लिहायचे, तू बोलायचीस." मला एकदम भरून आलं. तिने मला शिकवण्यासाठी जी पद्धत चालवली होती तिनेच मला ऑफर मिळवून दिली होती, आणि तिचा स्वतःचा सराव मागे राहिला होता. हे मी तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "मग आता तू मला बोलायला शिकव. आणि मी तुझा बॅकलॉग काढते."

गणित तीन

माझ्या हातात आलं होतं ते इरादापत्र, आणि त्यात स्पष्ट अट होती: रुजू होण्यापूर्वी सर्व विषय उत्तीर्ण. पुष्कळ जण निवड झाली की ही ओळ वाचायची सोडून देतात. गणित तीन मी एकदा नापास झाले होते, आणि ही परीक्षा पुन्हा हुकली असती तर निवड होऊनही हाती काही उरलं नसतं. परीक्षेला साधारण सहा आठवडे होते. तो विषय तिचा हातखंडा होता.

रोज संध्याकाळचा पहिला तास गणिताचा. लाप्लास रूपांतरात माझी एक चूक पक्की बसली होती. `e^(-2t) cos 3t` चं रूपांतर मी `s/((s+2)^2+9)` असं लिहायचे. छेदात `s` च्या जागी `s+2` घालायचे आणि अंशात विसरायचे. बरोबर उत्तर `(s+2)/((s+2)^2+9)`. तिने मला सूत्र पुन्हा पाठ करायला सांगितलं नाही. म्हणाली, आधी फक्त `cos 3t` चं लिही. मी लिहिलं, `s/(s^2+9)`. "आता यात `s` किती ठिकाणी आहे?" दोन. "दोन्हींवर बोट ठेव. आता दोन्ही बोटांखाली `s+2` लिही." हसू आलं, पण ती चूक माझ्याकडून पुन्हा झाली नाही. माझ्या प्रश्नपत्रिकेत हाच प्रकार वेगळ्या आकड्यांनी आला होता आणि मी टेबलावर खरोखर दोन बोटं ठेवली.

स्वतःची निवड न झालेली मुलगी, पुढच्या कंपन्यांच्या तारखा समोर असताना, रोज एक तास दुसरीची नोकरी टिकावी म्हणून देत होती. मी एकदा म्हटलं, तुझा वेळ जातोय. ती म्हणाली, "मला दिवसातून एक तास असा हवाय ज्यात मला येतं." मला वाटतं हे ती खरंच बोलली. नापसंतीच्या दिवसांत आपल्याला काहीतरी नीट जमतं हे रोज डोळ्यांनी पाहणं तिला आधाराचं होत असावं.

टेबलावरची टकटक

दुसरा तास तिचा. मी मुलाखत घेणारी. नियम एकच ठेवला: ती १५ सेकंदांपेक्षा जास्त गप्प राहिली की मी टेबलावर टकटक करायची. पहिल्या दिवशी एका प्रश्नात मी अकरा वेळा टकटक केली. आणि तिचं उत्तर, जे एरवी कधी चुकत नसे, ते चुकलं.

हे आठवडाभर चाललं आणि बिघडतच गेलं. बोलता बोलता लिहायला लागली की तिचा विचार तुटायचा. ती चिडायची, मी ओशाळायचे. एका संध्याकाळी तिने पेन्सिल ठेवून दिली. "मला दोन्ही एकदम नाही जमत." तेव्हा आमच्या लक्षात आलं की दोन्ही एकदम करायची गरजच नाही. समोरच्याला विचार ऐकू यायला हवा, तो लिहितानाच ऐकू यायला हवा असं कुठे आहे?

मग आम्ही मुलाखतीचा प्रश्न तीन भागांत तोडला. पहिली दोन मिनिटं फक्त बोलायचं, पेन्सिल खाली: प्रश्न आपल्या शब्दांत सांगायचा, एक छोटं उदाहरण घ्यायचं, सगळ्यात साधा मार्ग आणि त्याला किती काम पडेल ते सांगायचं, आणि मग त्याहून बरा मार्ग. नंतर परवानगी मागायची, "मी दोन मिनिटं शांतपणे लिहिते, मग समजावते." आणि लिहून झालं की तेच छोटं उदाहरण कोडवर मोठ्याने चालवून दाखवायचं. मधल्या भागात टकटक बंद.

तिचा चेहराच बदलला. तिची शांतता तिला परत मिळाली होती, फक्त तिला आता दोन्ही बाजूंनी शब्दांचं कुंपण होतं. तीन आठवड्यांनी एका प्रश्नात दोनदाच टकटक करावी लागली. मुलाखत घेताना आज मी हे वाक्य उमेदवाराकडून ऐकते, "दोन मिनिटं शांतपणे लिहितो", तेव्हा मला फार बरं वाटतं. समोर बसलेल्याला त्या शांततेचं कारण कळलेलं असतं, म्हणून ती खटकत नाही.

पुढच्या कंपन्या

आमच्या कॉलेजात एका विद्यार्थ्याला एकच ऑफर असा नियम होता, त्यामुळे मी स्पर्धेतून बाहेर होते. निवड झालेल्यांना पुढच्या कंपन्यांच्या वेळी मदतनीस म्हणून उभं करत. मुलाखतीच्या खोल्यांबाहेर मी असायचे, आणि बाहेर येणारे उमेदवार काय विचारलं ते बोलत असायचे. एका कंपनीच्या वेळी तिचा नंबर दुपारी होता आणि सकाळचे चार-पाच प्रश्न माझ्या कानावर आले होते. मी तिला बाजूला घेतलं. तिने हात वर करून मला थांबवलं. "सांगू नकोस. तू सांगितलंस आणि मी राहिले, तर माझं काय चुकतंय ते मला कधीच कळणार नाही." मला माझी लाज वाटली. मदतनीस म्हणून तसं करणं चूक होतंच, पण तिने दाखवलेलं कारण त्याहून खोल होतं.

त्या कंपनीत ती शेवटच्या फेरीपर्यंत गेली आणि राहिली. बाहेर आल्याबरोबर तिने जिन्यात बसून वही भरली. या वेळी मधलं खण भरलेलं होतं, उजवं जवळपास कोरं. संध्याकाळी आम्ही ते पान तीनदा वाचलं आणि ठरवलं की यातून काही बदलायचं नाही. हे ठरवणं अवघड होतं. नकार आला की काहीतरी बदललंच पाहिजे असं वाटतं, आणि माणूस नीट चाललेली गोष्ट मोडून बसतो. कंपनीला जागा कमी भरायच्या असतात, समोर चांगले उमेदवार जास्त असतात, तेव्हा नकारातून आपल्या चुकीबद्दल काहीच कळत नाही.

त्याआधीची एक कंपनी मात्र वेगळ्या कारणाने गेली होती. अ‍ॅप्टिट्यूडमध्ये तिचे एकूण गुण चांगले असूनही ती पहिल्याच फेरीत बाद झाली, कारण प्रत्येक विभागाची वेगळी किमान रेषा होती आणि इंग्रजीच्या विभागात ती खाली राहिली. गणिताच्या प्रश्नांवर तिने वेळ खर्चला होता, जिथे ती आधीच रेषेच्या कितीतरी वर होती. तिथे बदल करण्यासारखं होतं आणि तो सोपा होता: प्रत्येक विभागाला वेगळा वेळ लावून सराव.

कॅम्पसमध्ये तिची निवड झाली नाही. हे मला इथे सरळ लिहायचं आहे, कारण अशा गोष्टी सांगताना शेवटी सगळं जुळून आलं असं दाखवायचा मोह होतो. वर्ष संपेपर्यंत यादीत तिचं नाव कधी आलं नाही. मी गणित तीन उत्तीर्ण झाले. निकाल आधी तिनेच पाहिला आणि वर्गाच्या दारातून मला दोन बोटं दाखवली.

रुजू होण्याची तारीख

पदवी हाती आली, इरादापत्र होतं, पण कंपनीची तारीख येईना. आधी एक महिना पुढे गेली, मग आणखी. ईमेल पाठवला की ठरलेलं उत्तर यायचं, लवकरच कळवू. निवड आणि नोकरी यांच्यात हा एवढा पल्ला असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घरी बसून मी खचत चालले होते. त्या काळात ती स्वतः बाहेरून अर्ज करत होती, दिवसाला दोन-तीन, आणि तरी संध्याकाळचा आमचा तास तिने फोनवर चालू ठेवला. मी तिची मुलाखत घ्यायची. एखाद्या दिवशी मला नको वाटायचं, तेव्हा ती म्हणायची, "प्रश्न तरी वाच, बाकी मी करते."

शेवटी एका अर्जाला तिला बोलावणं आलं. दोन तांत्रिक फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीत त्यांनी विचारलं की लिहिण्याआधी इतकं का बोलता? ती म्हणाली, "माझी मैत्रीण टेबलावर टकटक करायची." ते हसले आणि तिने त्यांना सगळी पद्धत सांगितली. आठवड्याभरात ऑफर आली. मी जिथे निवड होऊन वाट पाहत बसले होते, तिथे ती माझ्या आधी रुजू होणार होती.

तिने मला फोन केला आणि थोडा वेळ काही बोललीच नाही. मग चाचरत म्हणाली, "तुझी तारीख अजून..." मी तिला तिथेच तोडलं. माझ्या निवडीनंतर तिसऱ्या दिवशी तिने माझ्या खोलीवर येऊन जे सांगितलं होतं तेच तिला ऐकवलं: आनंद झालाय तर माझ्यासमोर हो.

रुजू होण्याच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे गेले. कंपनीने मागितलेल्या कागदांची यादी लांब होती. सगळ्या गुणपत्रिका सेमिस्टरच्या क्रमाने, प्रत्येकाच्या दोन छायाप्रती, पदवीचं तात्पुरतं प्रमाणपत्र, ओळखपत्र, फोटो. आम्ही जमिनीवर सगळं पसरलं. मी फाईल लावत होते, ती नावं वाचत होती. सगळ्यात शेवटी तिने ती वही बाहेर काढली, मला म्हणाली, "ही कुणाकडे ठेवायची?" आणि मी उत्तर द्यायच्या आत फाईलच्या मागच्या कप्प्यात सरकवली. मग विचार बदलून काढली, मधोमध उघडली, आणि जोडाच्या दोऱ्यावरून सावकाश दोन भाग केले. लिहिण्याचा भाग मला दिला, बोलण्याचा स्वतःकडे ठेवला.